‘ॲट’नंतर ‘बाय’

वर्गात मुलं अकरा आणि गठ्ठ्यात पेपर बारा.

मी पुन्हा मोजले. मोजण्यात मी चुकत नाही. तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आहे, आणि माझ्या हातून कुणाला अर्धा मार्क जास्त गेला असं एकही पोर सांगू शकणार नाही. निवृत्त झाल्यावरही नाशिकला इंदिरानगरमधल्या घराच्या पुढच्या खोलीत दर जून-जुलैत एक बॅच घेते. बारावीला फक्त इंग्रजीत गचकलेली आणि पुरवणी परीक्षेला बसणारी मुलं. रोज दुपारी चार ते सहा, शनिवारी टेस्ट. बरोबर चारला मी दार लावते. मग राष्ट्रपती आले तरी उघडत नाही, असं मुलं म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

त्या शनिवारी ‘चेंज द व्हॉइस’ दिलं होतं, दहा वाक्यं. साधी वाक्यं मुलांना जमतात. मांजराने उंदीर मारला, उंदीर मांजराकडून मारला गेला, इतपत ठीक. घोटाळा होतो तो laughed at, looked after असल्या जोडक्रियापदांशी. They laughed at the old man याचं The old man was laughed at by them होतं. ‘लाफ्ड ॲट’ मिळून एकच क्रियापद, त्यामुळे म्हातारा उठून वाक्याच्या सुरुवातीला गेला तरी ‘ॲट’ने जागा सोडायची नसते. पण मग ‘ॲट’ आणि ‘बाय’ शेजारीशेजारी येतात, आणि मुलांना ते एका सीटवर दोघं बसल्यासारखं वाटतं. एकाला उठवतात. बहुतेक वेळा ‘ॲट’लाच.

जास्तीच्या पेपरवर नाव नव्हतं. निळी शाई, स्वच्छ अक्षर, आय या अक्षरावर टिंबाऐवजी बारीक गोल. साधी वाक्यं सगळी बरोबर. जोडक्रियापदांची तीन होती, तीनही चूक. The child was looked by the neighbour. The complaint was looked by the officer. आणि The old man was laughed by them. मी लाल पेनाने तिथे तिथे गोल केले, आत after, into, at लिहिलं आणि प्रत्येकी अर्धा मार्क कापला. मग विचार केला, हे कोणाचं काम.

तेजलचं, दुसऱ्या कोणाचं असणार? तिच्या पेपरशी अक्षर ताडून बघायचंही मला सुचलं नाही. ही तेजल गांगुर्डे निफाडच्या अलीकडच्या एका फाट्यावरून एसटीने ये-जा करायची. शांत पोर. तिला नर्सिंगला जायचं होतं, बाकी विषयांत चांगले मार्क होते, एक इंग्रजी तेवढं अडलं होतं. जुलैतला पेपर सुटला तर प्रवेश, नाहीतर वर्ष गेलं, आणि घरचे दुसरं वर्ष देणार नाहीत असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याच आठवड्यात बुधवारी मी तिला फळ्यापाशी बोलावलं, तर तिने was laughed by them लिहिलं. मी म्हणाले, “आणि ॲट कुठे गेलं? निफाडलाच उतरलं का?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मला माझा विनोद आवडला होता. तोंडातून शब्द बाहेर पडताना ते आधी कधीतरी वापरल्यासारखे वाटले, एवढंच. मागच्या बाकावर कोणी बसलेलं नव्हतं, तरी तो बाक करकरला, तेव्हा मी हवेला दोष दिला.

सोमवारी मी पेपर वाटले आणि तो बारावा हातात धरून तेजलला उभं केलं.

“एकाच टेस्टचे दोन पेपर लिहिलेस? आणि दोन्हींत तीच चूक! निदान एकात तरी नवीन करायचीस.”

पुन्हा हशा. आयुष नावाचं एक चुरूचुरू बोलणारं कार्टं आहे, ते म्हणालं, “मॅडम, डबल ॲट!” त्याला मी गप्प केलं नाही.

“तो माझा नाही, मॅडम,” तेजल म्हणाली. ती पुढे आली आणि तिने कागदाकडे पाहिलं. बोट त्या आयवरच्या बारीक गोलावर ठेवून ती नुसती उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “हा मी घेऊ?”

“तुझा नाही ना? मग कशाला?” मी कागद ओढून घेतला.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. मी मनाशी म्हटलं, आजकालच्या मुलांना जरा बोललेलं चालत नाही. पण खरं सांगायचं तर मला चैन नव्हतं. चार वाजता दार लावताना हात कडीवर थोडा रेंगाळायचा.

शनिवारी दहाच मुलं होती. मी टेस्टभर समोर खुर्चीत बसून राहिले, उठले नाही, आणि प्रत्येकाच्या हातून पेपर स्वतः घेतला. दहा. टेबलावर ठेवले, मुलं गेली, चहा ठेवला, येऊन मोजले. अकरा.

बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या सोसायटीत कोणीतरी मिक्सर लावला होता. अशा वेळी माणसाला भीती वाटायला नको, पण माझ्या पाठीवर काटा आला. कागद तोच, रेघांचा. निळी शाई तीच, आणि तेच गोल.

मी सवयीने लाल पेन उचललं. भीती वाटली की मी तपासायला लागते, हा माझा स्वभाव आहे. या वेळी त्या हाताने ‘ॲट’ शिकून घेतलं होतं. मी दिलेलं वाक्य होतं The whole class laughed at the girl, आणि त्याचं उत्तर होतं The girl was laughed at. ‘ॲट’ आपल्या जागेवर, पण पुढे काही नाही. हसणारे गायब. मुलांना मी नेहमी सांगते, कर्ता ‘समबडी’ किंवा ‘पीपल’ असला तर गाळला तरी चालतो, कारण तो कोण ते आपल्याला ठाऊकच नसतं. पण प्रश्नात कर्ता स्पष्ट दिला असेल तर त्याला गाळायचं नाही. मी लाल शाईत लिहिलं, By whom? आणि अर्धा मार्क कापला.

पुढच्या दोन्ही वाक्यांत तसंच. By whom? By whom?

मग पान उलटलं. मागच्या बाजूला एकच वाक्य होतं, आणि ते माझ्या टेस्टमधलं नव्हतं. हात वेगात होता. वाक्याच्या शेवटाकडे बघून मी By whom? लिहिलं, अर्धा मार्क कापला, आणि मगच वाक्य पहिल्यापासून वाचलं.

Changuna was waited for.

चांगुणा. ते नाव मी सहा वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं. आणि तरी ते वाचताच मला तिची वेणी आठवली, आणि उत्तर माहीत असलं की अर्धवट वर होणारा तिचा हात.

लोखंडी कपाटात जुनी हजेरीपत्रकं आहेत. मी काही टाकत नाही. सहा वर्षांपूर्वीची पुरवणी बॅच काढली. चांगुणा गांगुर्डे. नावापुढे पंधरा दिवस पी, पी, पी, मग एक ए, आणि त्याच्यापुढे आडवी रेघ मारून लाल शाईत माझ्याच हातचं Left. गांगुर्डे हे आडनाव आमच्या नाशिककडे पावलोपावली भेटतं, म्हणून मला काही सुचलं नव्हतं. पण शेजारी फोन नंबर होता. मी तेजलचा प्रवेशाचा फॉर्म काढून शेजारी ठेवला. नंबर तोच होता.

आता मी सगळं सांगते, कारण इथे गाळून चालणार नाही.

चांगुणानेही फळ्यावर was laughed by them लिहिलं होतं. “ॲट कुठे गेलं? निफाडलाच उतरलं का?” हे वाक्य मी पहिल्यांदा तिला म्हटलं होतं. ते इतकं चाललं की वर्गाने तिचं नाव ‘ॲट’ पाडलं. मग मीही तिला त्याच नावाने हाक मारायला लागले. ती खाली मान घालून हसायची, म्हणून मी समजले तिला गंमत वाटते. सोळाव्या दिवशी ती दहा मिनिटं उशिरा आली. एसटी लेट होती. दारावर टकटक करून म्हणाली, “मॅडम, आज मला आलंय, विचारा ना.” मी आतूनच म्हणाले, “ॲट मॅडम, उद्या वेळेवर या.” सगळे हसले. ती गेली. परतीची गाडी पकडायला द्वारका चौकात महामार्ग ओलांडताना तिला ट्रकने उडवलं.

दोन दिवसांनी ते माझ्या कानावर आलं. मी ‘अरेरे’ म्हणाले. आणि हजेरीपत्रकात लिहिलं, Left. जणू तीच सोडून गेली.

रविवारी सकाळी मी निफाडची एसटी धरली. पर्समध्ये ते दोन्ही कागद होते. फाट्यावर उतरले, तिथे एक पिकअप शेड आहे, सिमेंटचा बाक. तिथल्या टपरीवाल्याला गांगुर्डेंचं घर विचारलं. द्राक्षाच्या बागांमधून दहा मिनिटं चालायचं, म्हणाला.

सिंधुबाई, म्हणजे तेजलची आई, अंगणात गहू निवडत होत्या. बागांमध्ये मजुरीला जातात, रविवारी घरी असतात. मी कोण ते सांगितल्यावर त्या लगबगीने उठल्या आणि खुर्चीवर पदर फिरवला.

“या ना मॅडम! तुमचंच नाव घेत व्हते. ही पोरगी पाच दिवस झाले घरात बसून हाय, कायबी सांगत नाय. मी म्हनलं, अगं मॅडम लय चांगल्या हायेत. चांगुणाबी तुमच्याकडंच व्हती ना. म्हनून तर हिलाबी तिथंच घातलं.”

तेजल आत उंबऱ्यापाशी पाठ करून बसली होती. मी आले तरी वळली नाही.

“तेजल,” मी म्हणाले, “परीक्षेला नऊ दिवस राहिलेत.”

“तुम्ही ताईचा जुना पेपर आणला होता,” ती भिंतीकडे बघूनच म्हणाली. “माझ्यावर हसायला. मेलेल्या माणसाचा पेपर कोण असं वर्गात दाखवतं, मॅडम?”

मला हे सुचलंच नव्हतं. तिने ते अक्षर ओळखलं होतं, आणि तिला वाटत होतं की हा सगळा खेळ माझा. कागद कुठून आला ते मला माहीत नाही असं मी सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता. मीही ठेवला नसता.

सिंधुबाईंचे हात गव्हात थांबले. “चांगुणाचा पेपर? तिच्यावर काय हसायचं?”

मी तीस वर्षं व्याकरण शिकवलं. त्या क्षणी मला कळलं की पळवाट काढायला इंग्रजी लागत नाही, आपल्या भाषेतही ती आहे. मी म्हणाले, “तिची एक चूक झाली होती फळ्यावर. मग वर्गात तिचं थोडं हसू झालं.”

हसू झालं. पाऊस झाला, उशीर झाला, तसं हसू झालं.

सिंधुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “कोन हसलं?”

अंगणात ऊन होतं, कोंबड्या फिरत होत्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे माझंच लाल अक्षर उभं राहिलं. By whom? मी आयुष्यभर मुलांना जो प्रश्न विचारला तो त्या बाईने जसाच्या तसा मला विचारला, आणि अर्धा मार्क कापायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.

“मी,” मी म्हणाले. “पहिली मी हसले. मग सगळे. वर्गाने पाडलेल्या नावाने मीही तिला हाक मारली. शेवटच्या दिवशी ती दहा मिनिटं उशिरा आली, तर मी दार उघडलं नाही. उघडलं असतं तर ती सहापर्यंत माझ्या घरात असती. आणि परवा तेजललाही मीच हसले.”

ताटलीतला एक खडा उचलून सिंधुबाईंनी बाजूला ठेवला, मग दुसरा.

“ती तर कधी बोलली नाय,” त्या म्हणाल्या. “मी इचारायची, कशा हायेत गं तुझ्या मॅडम? तर म्हनायची, लय हसऱ्या हायेत.”

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही.

त्यांनी मला पाणी दिलं नाही, आणि उठून जा असंही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “कागद दाखवा.” मी दुसरा कागद मागची बाजू वर करून त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी अंगठा त्या निळ्या ओळीवरून फिरवला. “हे तिचंच. काय लिवलंय?”

“चांगुणाची वाट पाहिली गेली,” मी म्हणाले. मराठीत ते फार विचित्र वाटलं.

“कोनी?”

याचं उत्तर मी द्यायचं नव्हतं.

“मी पाहिली,” सिंधुबाई म्हणाल्या. “फाट्यावर त्या बाकावर बसले व्हते. सातची गाडी आली, आठची आली. मंग मानसं आली सांगायला.” त्या थांबल्या. “पाहिली म्हंजे, अजूनबी पाहते. सातच्या गाडीचा आवाज आला का पाय आपसूक उठत्यात.”

तेजल उठून आली. तिने आईच्या हातून कागद घेतला, माझ्या पर्सला अडकवलेलं लाल पेन न विचारता काढलं आणि उंबऱ्यावर बसली. माझ्या By whom? वर रेघ मारली, वाक्याचा पूर्णविराम खोडला आणि पुढे लिहिलं, by her mother. ‘फॉर’ आणि ‘बाय’ शेजारीशेजारी, दोघंही आपापल्या जागेवर. मग जरा थांबून तिने was खोडलं आणि वर is लिहिलं.

Changuna is waited for by her mother.

त्यातली काळाची चूक मला दिसली नव्हती. मला, जिच्या हातून अर्धा मार्क सुटत नाही.

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “पूर्ण मार्क.”

“उद्या येईन,” तेजल म्हणाली. “पण तुम्ही स्टॉपवर या.”

सोमवारी मी वर्गाची किल्ली शेजारी दिली, मुलांना बसवून घ्यायला सांगितलं आणि अडीचपासून द्वारकेला उभी राहिले. आयुष्यात कोणाची अशी वाट पाहिली नव्हती. ट्रकमागून ट्रक जात होते. तीनची गाडी साडेतीनला आली तरी तिचा पत्ता नव्हता. मी शेंगदाण्याची पुडी घेतली आणि ती तशीच हातात घामाने भिजली. चारला दहा कमी असताना निफाडची गाडी लागली.

तेजल उतरली. तिच्यामागे दार उघडंच राहिलं. गाडीत उतरणारं आणखी कोणी नव्हतं, मी नीट पाहत होते. तरी कंडक्टर दोरीला हात लावून थांबला होता, आणि एखाद्या सावकाश उतरणाऱ्या माणसाकडे पाहावं तसा पायरीकडे पाहत होता.

“उतरली का ती दुसरी?” त्याने विचारलं.

तेजलने माझ्याकडे पाहिलं.

“उतरली,” मी म्हणाले.

त्याने घंटी मारली. गाडी गेली. मी तेजलचा हात धरून महामार्ग ओलांडला, आणि दुसरा हात पर्सवरून काढून तसाच मोकळा धरला. मधोमध तो हात गार पडला. सोडावासा वाटला, पण सोडला नाही.

घरी पोचायला सव्वाचार झाले. मुलं बसली होती, आणि मला उशीर झाला म्हणून आयुष काहीतरी विनोद करणार होता, पण माझा चेहरा बघून गप्प बसला. मी फळ्यावर लिहिलं, Changuna was laughed at. ॲक्टिव्ह करा म्हटलं. मुलांनी पाठ केलेलं उत्तर दिलं, Somebody laughed at Changuna. मी खडूने ‘समबडी’ खोडलं आणि वर I लिहिलं. मग तिची सगळी हकिकत सांगितली, तेजलसमोर, काही न गाळता.

बोलता बोलता मागचा बाक करकरला. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

मग मी सरावासाठी कोरे पेपर वाटले, बारा. दार लावायला उठले, कडीला हात लावला, आणि ते तसंच उघडं ठेवून परत येऊन बसले.